ग्रहणाच्या मॉडेलसमोर भाषण करताना या चुका टाळा

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन म्हटलं की ग्रहणाचं मॉडेल हमखास असतं. थर्माकोलचा पिवळा सूर्य, निळी पृथ्वी, पांढरा चंद्र, मागे कार्डशीटवर सावलीचे काळे शंकू, आणि शेजारी छडी घेऊन उभे असलेले सर किंवा बाई. भाषण दोन मिनिटांत संपतं. मग गर्दीतला एखादा सातवीतला मुलगा विचारतो, "सर, मग दर अमावस्येला ग्रहण का नाही लागत?" सर म्हणतात, "चंद्राची कक्षा कललेली आहे ना." उत्तर बरोबर आहे. फक्त समोरच्या मॉडेलमधली कक्षा कललेली नाही. ती पाटावर सपाट बसवलेली आहे, आणि त्या पाटावर चंद्र फिरवला तर महिन्यातून दोन ग्रहणं लागतात.

या विषयावरच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. तोंडाने एक सांगितलं जातं आणि मॉडेल दुसरंच दाखवतं. परीक्षकाला हे चटकन कळतं. मुलांना कळत नाही, त्यामुळे मॉडेलने जे दाखवलं तेच त्यांच्या डोक्यात राहतं.

सुरुवातीलाच वेळ जातो

सूर्य हा तारा आहे, त्याच्या पृष्ठभागाचं तापमान अमुक, पृथ्वी तिसरा ग्रह, चंद्र तिचा उपग्रह, अशी सुरुवात केली तर ग्रहणापर्यंत पोचेपर्यंत निम्मे लोक पुढच्या ज्वालामुखीकडे गेलेले असतात. यातलं काहीही ग्रहण समजायला लागत नाही. लागतात त्या तीन गोष्टी: कोण मध्ये आलं, सावली किती मोठी, आणि ती कोणावर पडली. पहिलं वाक्यच असं असू द्या: "अमावस्येला चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतो, तेव्हा त्याची सावली पृथ्वीवर पडली तर सूर्यग्रहण. पौर्णिमेला पृथ्वी मध्ये असते, तेव्हा तिची सावली चंद्रावर पडली तर चंद्रग्रहण." या वाक्यातला 'तर' जोर देऊन म्हणा. पुढचं सगळं भाषण त्या 'तर'चं स्पष्टीकरण आहे.

कला आणि ग्रहण यांची सरमिसळ

"पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून चंद्र लहान-लहान होत जातो." हे वाक्य विद्यार्थ्यांच्या तोंडी असतं तसं कधीकधी शिक्षकांच्याही तोंडी येतं, आणि ते सरळ चूक आहे. चंद्राच्या कलांशी पृथ्वीच्या सावलीचा काही संबंध नाही. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्यातला आपल्याला किती दिसतो यावर कला ठरते.

हे मॉडेलवर पटवून द्यायला अष्टमी घ्या. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला जाते. अष्टमीचा चंद्र मात्र त्या सावलीपासून ९० अंश दूर, बाजूला असतो. सावली एकीकडे आणि चंद्र दुसरीकडे, तरीही तो अर्धाच दिसतो. मुलांना हे पाहिलेल्या गोष्टीशी जोडता येतं: कृष्ण अष्टमीनंतर सकाळी शाळेत येताना सूर्य वर आलेला असतो आणि पश्चिमेला अर्धा चंद्रही दिसतो. दोन्ही एकाच वेळी आकाशात असताना त्या चंद्रावर पृथ्वीची सावली पडेल कशी?

ही चूक कानी आली तर नीट पाहा, तिचं मूळ बहुधा तुमच्याच चार्टमध्ये सापडेल. एकाच कार्डशीटवर वर कलांची आकृती आणि खाली ग्रहणाची आकृती काढलेली असते, आणि दोन्हींत अंधाऱ्या भागाला तोच काळा रंग दिलेला असतो. चंद्राची स्वतःची रात्र आणि पृथ्वीची सावली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना वेगळे रंग द्या, किंवा कलांची आकृती सरळ काढून टाका. मी काढून टाकण्याच्या बाजूचा आहे.

सपाट पाटावरचा चंद्र

आता मूळ दुखणं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५.१ अंशांनी कललेली आहे. हा आकडा भाषणात सांगितला जातो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पाच अंश म्हणजे किती ते, असून नसल्यासारखेच. त्याला चूक म्हणता येत नाही, कारण मॉडेलमध्ये चंद्र पृथ्वीपासून वीतभर अंतरावर आहे. तिथे पाच अंश म्हणजे दीड-दोन सेंटिमीटर, आणि पृथ्वीचा चेंडू त्याहून कितीतरी मोठा. सावली चुकणारच नाही. पाच अंशांचं महत्त्व दिसायला अंतर खरं ठेवावं लागतं, आणि तेच कुठल्याही मॉडेलमध्ये नसतं.

पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये पृथ्वीचे ३० व्यास मावतात. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या पाव भागाहून थोडा जास्त आहे. ही दोनच प्रमाणं पाळून एक साधी वस्तू बनवता येते. टेबल टेनिसचा चेंडू ४ सेंमी व्यासाचा असतो, ती पृथ्वी. मग चंद्र ११ मिलिमीटरचा हवा. त्या मापाचा मणी मिळतो, नाहीतर भिजवलेला काबुली चणा चालतो. दोघांमधलं अंतर १२० सेंमी. पाच फुटी लाकडी पट्टी घ्या, एका टोकाला चेंडू काडीवर घट्ट बसवा. तिथून १२० सेंमीवर कपड्याचा चिमटा बांधा आणि मणी टोचलेली लांब काडी त्या चिमट्यात उभी धरा, म्हणजे ती वर-खाली सरकवता येईल. मणी चेंडूच्या मध्याच्या पातळीत येतो तिथे काडीवर शून्याची खूण करा आणि वर-खाली सेंटिमीटर आखून घ्या.

या पट्टीवर पाच अंश म्हणजे जवळजवळ पावणेअकरा सेंमी. चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची दाट सावली, म्हणजे प्रच्छाया, केवढी असते? फक्त २.९ सेंमी रुंद. म्हणजे मणी शून्याच्या वर पावणेअकरा आणि खाली पावणेअकरा अशा पट्ट्यात कुठेही असू शकतो, आणि त्याला गाठायची आहे मधली तीन सेंटिमीटरची सावली. पाच अंश 'थोडेसे' नाहीत हे सांगायला आता भाषणाची गरज उरत नाही.

इथे एक खरं ग्रहण घेऊन पट्टीवर मांडून दाखवा. २०२५ सालची तीन अमावस्या-पौर्णिमा यासाठी उत्तम आहेत, कारण त्यातल्या दोन रात्री घरोघरी लोकांनी वर पाहिलेलं आहे.

पहिली ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा. चेंडू सूर्याकडे आणि मणी सूर्याच्या विरुद्ध टोकाला धरा. त्या रात्री चंद्र सावलीच्या मध्यापासून थोडा दक्षिणेकडून गेला. आपल्या पट्टीवर मणी शून्याखाली साधारण अर्धा सेंमी. सावलीची त्रिज्या दीड सेंमीला जरा कमी, मण्याची त्रिज्या अर्ध्या सेंमीला जरा जास्त, म्हणजे मणी अख्खाच्या अख्खा सावलीत बसला. खग्रास चंद्रग्रहण. भारतभर ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसण्याजोगं होतं, जिथे ढग होते ती ठिकाणं सोडून. पंचांगातल्या शब्दांत सांगायचं तर स्पर्श रात्री ९.५७ ला, चंद्र पूर्ण बुडाला ते संमीलन ११.०१ ला, बाहेर यायला लागला ते उन्मीलन १२.२३ ला आणि मोक्ष १.२६ ला. हे शब्द गर्दीतल्या वयस्कर मंडळींना माहीत असतात. मणी आडवा सरकवत एकेक शब्द उच्चारला की तेही पुढे येऊन उभे राहतात.

दुसरी २१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या. चौदा दिवसांत चंद्र अर्धी फेरी करून सूर्याच्या बाजूला आला, तेव्हा पट्टी उलटी करा, मणी सूर्याकडे. या वेळी मणी शून्याखाली २.१ सेंमीवर होता. चेंडूची त्रिज्या २ सेंमी. म्हणजे मण्याच्या दाट सावलीचा अक्ष चेंडूच्या बुडाखालून निसटला, आणि भोवतालची फिकट सावली, उपच्छाया, तेवढी चेंडूच्या तळाला घासून गेली. पृथ्वीवर खग्रास कुठेच नाही, खंडग्रास दिसलं ते न्यूझीलंड आणि अंटार्क्टिकाच्या बाजूला. आपल्याकडे काहीच नाही. "ग्रहण होतं पण आपल्याकडे दिसलं नाही" हे लोक पंचांगात वाचतात, त्याचं कारण इथे चेंडूच्या तळाशी बोट ठेवून दाखवता येतं.

तिसरी ६ ऑक्टोबरची रात्र, कोजागरी. पुन्हा पौर्णिमा, पुन्हा पृथ्वी मध्ये. पण एका महिन्यात चंद्राच्या कक्षेचा वेगळा भाग सावलीसमोर आला होता. चंद्र आता सावलीच्या अक्षापासून दोन अंशांहून अधिक उत्तरेला होता. पट्टीवर मणी वर, जवळजवळ पाच सेंमीवर. सावली दीड सेंमीलाच संपली, मण्याला ती कुठून लागणार? म्हणून गच्चीवर दूध आटवताना चंद्र रात्रभर स्वच्छ होता.

शून्याखाली अर्धा, शून्याखाली दोन, शून्यावर पाच. या तीन खुणांना ज्यांनी मणी सरकताना पाहिला त्यांना 'दर महिन्याला का नाही' हा प्रश्न उरत नाही. वेळ कमी असेल तर बाकीचं भाषण सोडा आणि एवढंच करा.

फिरत्या मॉडेलमधला कल

ज्यांना कल दाखवायचा असतो ते पृथ्वीभोवती तारेची तिरपी कडी बसवतात. चांगली कल्पना, पण पुढे एक चूक होते आणि ती फार हुशार मुलांच्या मॉडेलमध्येही सापडते. सूर्यापासून निघालेल्या एका दांड्यावर पृथ्वी असते, दांडा मोटरवर फिरतो, आणि कडी त्या दांड्याला घट्ट चिकटवलेली असते. दांडा फिरला की कडीचा कलही त्याच्यासोबत फिरतो. परिणाम असा की कडीचा उंच भाग वर्षभर सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच राहतो आणि मॉडेलमध्ये ग्रहण कधीच लागत नाही. किंवा कडी आडव्या दिशेने तिरपी चिकटवली असेल तर दर महिन्याला दोन्ही ग्रहणं लागतात.

खऱ्या आकाशात पृथ्वी सूर्याभोवती फिरते तेव्हा चंद्राच्या कक्षेचा कल जवळपास त्याच दिशेला तोंड करून राहतो. ओळखायची खूण सोपी आहे. कडीच्या सर्वांत उंच बिंदूला लाल कागद चिकटवा. समजा सुरुवातीला तो खिडकीकडे आहे. पृथ्वी फिरवत सूर्याच्या पलीकडे न्या. कागद अजून खिडकीकडेच असेल तर मॉडेल बरोबर. दाराकडे वळला असेल तर कडी दांड्यावरून सुटी करा. मोटर असलेल्या मॉडेलमध्ये पट्टा आणि दोन सारख्या आकाराच्या चकत्या वापरून दिशा कायम ठेवता येते. हे जमत नसेल तर मोटर बंद ठेवून पृथ्वी हाताने फिरवा, काही बिघडत नाही.

कडी सपाट प्रतलाला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजे पातबिंदू, परंपरेतले राहू आणि केतू. कल एकाच दिशेला धरून पृथ्वी फिरवली की वर्षातून दोनदाच या दोन बिंदूंना जोडणारी रेषा सूर्याच्या रोखाने येते. तेव्हाच ग्रहणं लागतात, बहुधा जोडीने, पंधरा दिवसांच्या अंतराने. २०२५ मध्ये मार्चात एक जोडी आणि सप्टेंबरात दुसरी. ही रेषाही हळूहळू मागे सरकते, म्हणून पुढच्या वर्षी ग्रहणं थोडी आधी येतात: २०२६ च्या जोड्या १७ फेब्रुवारी व ३ मार्च, आणि १२ व २८ ऑगस्ट. मागे सरकण्याचं कारण कोणी विचारलं नाही तर सांगू नका. विचारलं तर सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचा ओढा म्हणा आणि पुढे चला.

दिवा चुकला की सावली उलटी वागते

चार्टवर पृथ्वीची सावली टोकाकडे निमुळती होत गेलेली असते. टेबलावर सूर्य म्हणून मोबाइलचा टॉर्च लावलेला असतो, आणि त्याने चेंडूची सावली मागे जाताना निमुळती होण्याऐवजी पसरत जाते. सर चार्टकडे छडी दाखवून "प्रच्छाया लहान होत जाते" म्हणत असतात तेव्हा मागच्या भिंतीवर चेंडूएवढी नाही, तिप्पट मोठी सावली पडलेली असते. उपच्छाया तर शोधूनही सापडत नाही.

कारण एवढंच की टॉर्चचा प्रकाश एका बारीक बिंदूतून येतो. सावली निमुळती व्हायला प्रकाश देणारी वस्तू चेंडूपेक्षा मोठी हवी. पण मोठा दिवा जवळ ठेवला तरी बिघडतं, कारण मग मण्याची दाट सावली चेंडूपर्यंत पोचायच्या आत संपते आणि खग्रास सूर्यग्रहण दाखवताच येत नाही. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०८ पट दूर आहे. दिवाही त्याच्या व्यासाच्या तितक्याच पट दूर ठेवला की सगळं जुळतं. घरातला दुधी आवरणाचा ९ वॉटचा एलईडी बल्ब सुमारे ६ सेंमी रुंद असतो. तो पट्टीपासून साडेसहा मीटरवर ठेवा. वर्गखोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एवढं अंतर बहुधा मिळतं. खिडक्या झाकाव्या लागतील. भिंत पांढरी असेल तर तिच्यावरून उलटून आलेला प्रकाश सावल्या पुसट करतो, तेव्हा पट्टीच्या मागे काळा कापडी पडदा लावा.

याचा एक मोठा फायदा म्हणजे कंकणाकृती ग्रहणाचं कारण तोंडाने सांगावं लागत नाही. चंद्र पृथ्वीपासून नेहमी सारख्या अंतरावर नसतो. उपभू स्थितीत तो जवळ येतो, अपभू स्थितीत लांब जातो. आपल्या पट्टीवर हा फरक ११२ सेंमी ते १२७ सेंमी इतका. चेंडू काढून तिथे बारीक छिद्र पाडलेला पुठ्ठा लावा आणि मुलाला एका डोळ्याने त्यातून बल्बकडे पाहायला सांगा. मणी ११२ वर असताना बल्ब पूर्ण झाकला जातो. १२७ वर नेला की मण्याभोवती प्रकाशाची कडी उरते. मधे कुठेतरी, ११९ च्या आसपास, एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं ते मूल स्वतः शोधतं. बल्ब डोळ्यात खुपत असेल तर त्याला ट्रेसिंग पेपरची टोपी घाला. आणि हे बल्बकडेच पाहायचं, खऱ्या सूर्याकडे असं कधीही पाहायचं नाही, हे प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याशी डोळा नेण्याआधी सांगा. "आधी सांगितलं होतं" हे इथे चालत नाही.

खोलीत अंधार करता येत नसेल तर पट्टी घेऊन अंगणात जा. सकाळी नऊच्या आधी ऊन तिरपं असतं तेव्हा पट्टी सूर्याच्या रोखाने धरायची. सूर्याकडे न पाहता रोख कळायला पट्टीचीच सावली पाहा: पट्टीची जमिनीवरची लांब सावली आखडून एक लहानसा ठिपका झाला की पट्टी बरोबर सूर्याकडे आहे. मणी सूर्याच्या बाजूला असेल तर चेंडूवर एक धूसर वर्तुळ पडतं, मध्यभागी जास्त गडद. तेच सूर्यग्रहण. हात थरथरतो, म्हणून पट्टी खुर्चीच्या पाठीवर टेकवा.

आशिया खंडाएवढा काळा डाग

त्या धूसर वर्तुळाचा मधला गडद ठिपका पाहिला की चार्टवरची आणखी एक चूक लक्षात येते. चार्टवर चंद्राची प्रच्छाया पृथ्वीवर पडते तिथे भारत, चीन, अरबस्तान एकदम झाकणारा काळा गोल रंगवलेला असतो. प्रत्यक्षात ही सावली बहुतेक वेळा फार तर पावणेतीनशे किलोमीटर रुंद असते, पुष्कळदा त्याहून अरुंद. आपल्या चेंडूवर पूर्ण एक मिलिमीटरही नाही. चार्टवर ती मोठी काढायला हरकत नाही, नाहीतर दिसणारच नाही. पण "आकृती प्रमाणात नाही" असं कोपऱ्यात बारीक लिहून भागत नाही, कारण ते कोणी वाचत नाही. भाषणात म्हणा: "हा डाग मी मुद्दाम मोठा काढला आहे. खरा डाग एका जिल्ह्या-दोन जिल्ह्यांएवढा असतो आणि तो पश्चिमेकडून पूर्वेकडे धावतो."

मग उदाहरण द्या. २२ जुलै २००९ ला सकाळी ही सावली सुरतेजवळून भारतात शिरली आणि इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असं करत पुढे चीनकडे गेली. मुंबई सुरतेपासून रेल्वेने फार दूर नाही, तरी मुंबईत ते खंडग्रासच होतं. पावसाळ्यामुळे बऱ्याच ठिकाणी ढगांनी घात केला ती गोष्ट वेगळी. २६ डिसेंबर २०१९ चं कंकणाकृती ग्रहण केरळ-तामिळनाडूच्या पट्ट्यात कंकणाकृती दिसलं आणि महाराष्ट्रात त्याच वेळी खंडग्रास.

याउलट चंद्रग्रहण. "चंद्रग्रहणही ठरावीक भागातूनच दिसतं" असं पाठ केलेलं वाक्य ऐकू येतं आणि ते अर्धवट आहे. चंद्र स्वतःच सावलीत गेलेला असतो, तेव्हा ज्याच्या डोक्यावर त्या वेळी चंद्र आहे त्या सगळ्यांना, म्हणजे अर्ध्या पृथ्वीला, ते सारखंच दिसतं. एकाच माणसाला आयुष्यात चंद्रग्रहणं बरीच आणि खग्रास सूर्यग्रहण क्वचितच का दिसतं, याचं उत्तर यातच आहे.

आणखी एक लहान गोष्ट. चंद्र हाताने फिरवताना तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा, उत्तर ध्रुव वर धरून. दहातले बरेच जण घड्याळाच्या दिशेने फिरवतात, आणि मग सावली सुरतेकडून पाटण्याला जायच्या ऐवजी पाटण्याकडून सुरतेला येते.

भाषणानंतरचे प्रश्न

चंद्र लाल का होतो, हा प्रश्न येतोच. मॉडेलमध्ये मणी काळा पडतो, कारण चेंडूला वातावरण नाही. हे आपणहून सांगा. पृथ्वीभोवतीच्या हवेतून जाणारा सूर्यप्रकाश थोडा वळून सावलीत शिरतो. त्यातला निळा भाग हवेत आधीच विखुरलेला असतो, उरलेला तांबूस प्रकाश चंद्रावर पडतो. मण्याला लाल रंग देऊन ठेवू नका. मग तो कोजागरीलाही लालच दिसतो.

राहू-केतू ग्रासतात का, सुतक पाळायचं का, हे विचारणाऱ्या आजींशी स्टॉलवर वाद घालू नये. त्यांना ७ सप्टेंबरच्या पंचांगातल्या वेळा आणि पट्टीवरचा मणी दाखवा. "आजी, पंचांगात स्पर्श नऊ सत्तावन्नला लिहिला होता, तो याच सावलीच्या गणितातून काढलेला आहे." सावलीचं हे गणित बाहेरून आलेलं नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं आहे, आणि कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ग्रहलाघवात ग्रहणाची आकडेमोड याच पायावर सोपी करून दिली. पुढे कितीतरी पिढ्यांची पंचांगं त्यावरून बनली. सुतक पाळायचं की नाही ते त्यांच्या घरी ठरू द्या.

"ग्रहणात सूर्याचे किरण विषारी होतात" असं मात्र कोणी म्हणालं, विशेषतः सहकारी शिक्षक, तर तिथेच दुरुस्त करा. किरण रोजचेच असतात. रोज सूर्याकडे पाहिलं की डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात प्रकाश कमी झालेला असतो म्हणून माणूस टक लावून बघतो, आणि उरलेली कोरही दृष्टिपटल भाजायला पुरेशी असते. जुनी एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक घातलेले गॉगल, यातलं काहीही सुरक्षित नाही. ग्रहणासाठीचा प्रमाणित चष्मा किंवा चौदा नंबरची वेल्डिंग काच चालते. नाहीतर पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर घ्यावी. मुलांना हीच पद्धत सांगा, ती फुकटची आहे.

आणि "पुढचं कधी?" हा प्रश्न आला तर दोन तारखा तयार ठेवा. २ ऑगस्ट २०२७ ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक वेळ खग्रास आहे. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, तेही ऑगस्टच्या आभाळाने परवानगी दिली तर. भारताच्या भूमीवरून खग्रास पाहायला २० मार्च २०३४ पर्यंत थांबावं लागेल, आणि त्यासाठी लडाखकडे जावं लागेल.